पळणारा डोंगर

धरमपेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. ऐंशीचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. नागपुरात तोवर बहुतेकांनी कॉम्प्युटर फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलेला. मी तिथे शिकवत होते. क्लासचे मालक, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, पूर्वी गणित शिकवायचे. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर आणून दिला होता. वहीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून भरायचे. भरताना टेप किंचाळल्यासारखी वाजायची, आणि खालून शिंपी वर येऊन विचारून जायचा की काय बिघडलं.

दिवाळीच्या सुट्ट्यांआधी सरांनी एक कल्पना काढली. गणेशोत्सवासारखं शाळेच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन भरवायचं, तिथे हा कॉम्प्युटर ठेवायचा आणि त्यावर आपला, नागपूरचा खेळ दाखवायचा. पालक मुलांना घेऊन येतील, मुलं खेळतील, नावं नोंदवतील. खेळ मी करायचा. मला मशीनची भाषा येत होती. ती मी एका जुन्या पुस्तकावरून, चुकत चुकत शिकले होते.

मी एक सायकलवाला ठरवला. तो नागपूरहून रामटेकला निघालाय, रस्त्यात दगड येतात, खड्डे येतात, त्यांच्यावरून त्याने उडी मारायची. सायकलवाला पडद्यावर डावीकडे एकाच जागी राहतो, फक्त वरखाली होतो. सरकतो तो त्याच्यामागचा मुलूख, उजवीकडून डावीकडे. पाहणाऱ्याला वाटतं सायकल चाललीय.

सुरुवातीला सगळा मुलूख मी एकाच चित्रासारखा सरकवला. ते अगदी भिंतीवरून कॅलेंडर ओढत न्यावं तसं दिसलं. म्हणून मी पडद्याचे आडवे पट्टे केले. सर्वांत वर स्थिर आभाळ. त्याखाली रामटेकच्या डोंगराचा पट्टा. त्याखाली झाडं, आणि सगळ्यांत खाली रस्त्याकडेचं गवत, दगड आणि तारेचे खांब. प्रत्येक पट्ट्याला वेगळा वेग द्यायचा. पट्टे एकमेकांवर चढत नव्हते, त्यामुळे त्या बिचाऱ्या मशीनलाही ते झेपत होतं. पट्टा सरकवायचा म्हणजे प्रत्येक ओळीतले ठिपके एकेक घर डावीकडे ढकलायचे, आणि डाव्या कडेला जो ठिपका बाहेर पडेल तो उचलून उजव्या कडेला आत घ्यायचा. असं करत राहिलं की पट्टा कधी संपत नाही.

पण चित्र मी आलेखाच्या कागदावर काढलं होतं, आणि डोंगर काढताना डावीकडून पायथ्यापासून सुरू करून उजवीकडे माथ्याशी संपवला होता. पडद्यावर फिरायला लागल्यावर माथ्याला लागून एकदम पायथा आला. डोंगर सुरीने कापल्यासारखा दिसायचा आणि तो उभा काप सगळ्या पडद्यावरून सरकत जायचा. क्लासमधली पोरं त्याला रामटेकची खाण म्हणायला लागली. मग मी कागदाची पट्टी कापली, तिची बांगडी केली, दोन टोकं डिंकाने चिकटवली आणि नेमकं त्या जोडावरच नव्याने डोंगराची उतरण काढली. जोड उलगडून पाहिला तर डावी कड आणि उजवी कड एकाच उंचीवर येत होती. झाडांची पट्टीही तशीच केली. काप गेला.

दुसरी अडचण मंदिराची. डोंगरावर मी मंदिराचा कळस काढला होता, पण पट्टी पडद्याएवढीच रुंद, त्यामुळे तोच कळस पुन्हा पुन्हा उगवायचा. एका प्रवासात दहा रामटेक. मी कळस खोडून टाकला. बाकी खेळ मला छान वाटत होता. सरांनाही आवडला.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं.

तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमचं गाव रामटेकजवळ, धानाची शेती. वडील लवकर गेले. मी शिकायला नागपूरला आले आणि इथेच राहिले. तो आईजवळ राहिला, शेती बघायला. त्याच्या उजव्या डोळ्यात फूल होतं, बुबुळावर पांढरा डाग. त्या डोळ्याने त्याला काही दिसत नसे. लहानपणी गिल्ली-दांडू खेळताना गिल्ली लागली होती, आणि ती मी मारलेली होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी कधी एका शब्दाने बोललं नाही. आईसुद्धा नाही. नागपूरच्या दवाखान्यातून डोळ्याला पट्टी बांधून त्याला घरी आणलं, त्या दिवशी तिने मला रोजच्यासारखं जेवायला वाढलं, आणि मला ते खाणं जड गेलं. पुढे त्याला रेल्वेत लागायचं होतं. मेडिकलमध्ये तो बाद झाला. ते कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. मी त्या महिन्यात गावी गेलेच नाही.

त्याला एक सवय होती. बोलताना, काही उचलताना, रस्ता ओलांडताना तो मान अशी हळूच डावी-उजवी करायचा. मला ती सवय बघवत नसे. वाटायचं, त्या मारामुळे पोराच्या डोक्यातही काही बिघडलं असणार. मी त्याला सारखं टोकायचे, की मान हलवू नकोस, लोक बघतात. आईही मग माझं ऐकून टोकायला लागली.

प्रदर्शनाच्या साधारण महिनाभर आधी सावनेरच्या एका घरी त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी मी त्याला आरशासमोर बसवलं आणि मान स्थिर ठेवून बोलायचा सराव करायला लावला. तो हसला, पण त्याने केलं. दुसऱ्या दिवशी सावनेरच्या त्या बैठकीत तो खांबासारखा बसला होता. मला बरं वाटलं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली, त्याने कप घ्यायला हात पुढे केला आणि हात कपाच्या अलीकडेच थांबला. मग त्याने घाईने पुढे नेला तो कपावर आदळला. चहा मुलीच्या हातावर, साडीवर. ती भाजली थोडी. तिने आवाज केला नाही, पण तिच्या वडलांचा चेहरा बदलला. आठ-दहा दिवसांनी मध्यस्थाने सांगितलं की त्यांना वाटतं, मुलाचा दुसरा डोळाही जाऊन राहिलाय आणि तुम्ही लपवताय.

मी आईला म्हणाले होते, त्याचं नशीबच असं. मनात म्हणाले होते, हेही माझ्याच खात्यावर.

त्यानंतरच्या एका रविवारी मी क्लासमध्ये एकटी काम करत होते. क्लास बंद असायचा, म्हणून मशीन मोकळं मिळायचं. भाऊ गावाहून लवकर निघणाऱ्या हलक्या धानाचा नवीन तांदूळ घेऊन आला होता. मी राहायचे त्या खोलीला कुलूप पाहून तो घरमालकिणीला विचारत विचारत क्लासवर आला. खांद्यावर पिशवी, पायात धुळीने माखलेल्या चपला, जिन्यात उभा. मी त्याला कधी क्लास दाखवला नव्हता. त्याने कधी विचारलंही नव्हतं. खरं कारण असं की माझी नोकरी, माझं शिक्षण, माझं हे मशीन त्याच्यासमोर ठेवायची मला लाज वाटायची.

तो पिशवी ठेवून माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. मी त्याला खेळ दाखवला, कोणतं बटण दाबलं की उडी बसते ते सांगितलं. तो बसला. पहिल्या दगडावर आपटला, दुसऱ्या वेळी निघाला पुढे. मग बघते तर तो उडी मारायचं विसरून मान डावी-उजवी करत नुसता पडद्याकडे पाहत होता. माझ्या तोंडावर आलं होतं, मान स्थिर ठेव. तेवढ्यात त्यानेच विचारलं.

"ताई, हा डोंगर काहून पळून राहिला वं?"

मी म्हटलं, पळत नाहीये, तो मागे सरकतोय, झाडांपेक्षा हळू आहे. मी त्याला वेग सांगितले. पडदा एकदा बदलला की एक फेरी; रस्त्याची कड एका फेरीत चार ठिपके, झाडं तीन, डोंगर दोन. जवळचं जास्त, लांबचं कमी. पुस्तकात तसंच होतं.

तो मान हलवून नाही म्हणाला.

"डोंगर लांब आहे म्हणते न तू? मंग तो इतका सरकतच नाही. हा तं झाडाच्या मागंच उभा आहे. टेकडा वाटते, पुठ्ठ्याचा. आपल्या बसमधून पाह्य. मनसर आलं तरी तो तिथंच असते. झाडं सटासट जातात, अन् तो तिथंच."

मी थोडी चिडले. म्हटलं, तुला कसं कळतं.

"मले तं तसंच दिसते सगळं," तो म्हणाला. "एका डोळ्यानं लांब-जवळ कळत नाही न. मान हालवली का कळते. जे लय सरकलं ते जवळचं. जे नाही सरकलं ते लांबचं. पेल्यात पाणी टाकतानी, बैलाचं दावं धरतानी, मी तसंच पाह्यतो."

तो हे अगदी सहज बोलला, आणि पुन्हा बटण दाबून खेळायला लागला. मी त्याच्या मागे उभी होते. मला सावनेरची बैठक दिसत होती, खांबासारखा बसलेला तो, आणि कपाच्या अलीकडे थांबलेला हात.

त्याचा खेळ मी संपू दिला. मग विचारलं, त्या दिवशी चहा सांडला तो मी मान हलवू नको म्हटलं त्यामुळे का.

तो म्हणाला, हो, कप कुठं आहे ते नीट कळलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं मी तुला टोकतेय."

"कसं सांगू," तो म्हणाला. "माह्या डोळ्याचं नाव काढलं का तुह्य तोंड कसं होते, तुले नाही मालूम. आई म्हणे, तिच्यासमोर डोळ्याचा विषय काढू नको, ती जेवत नाही मंग. मी सोडूनच देल्लं होतं."

मला वाटलं होतं तो माझ्या अपराधाबद्दल बोलत नाही हा त्याचा मोठेपणा. तो आणि आई मला जपत होते. त्या जपण्यापायी त्याने स्वतःला कसं दिसतं हे सांगणंच सोडलं होतं, आणि मी त्याच्या बघण्याला वाईट सवय म्हणून झोडपत बसले होते. गिल्ली मारली तेव्हा मी लहान होते, तो अपघात होता, असं मी स्वतःला कधीकधी समजावू शकत असे. आरशासमोर बसवून त्याची मान धरली तेव्हा मी चांगली शिकलेली बाई होते.

माफी मागायची राहूनच गेली. तो उठला, पिशवीतला तांदूळ दाखवला, म्हणाला, पहिले थोडा कमी पाण्यात कर, नवा आहे. खाली जाऊन आम्ही चहा प्यालो. टपरीवर त्याने पेला घेताना मान हलवली. मी दुसरीकडे पाहिलं, मग मुद्दाम पाहिलं.

त्या आठवड्यात मी वेग बदलले. रस्त्याची कड चार ठिपके तशीच ठेवली, झाडं एका ठिपक्यावर आणली, आणि डोंगर चार फेऱ्यांतून एकदाच एक ठिपका सरकवायचा असं केलं. डोंगराचा पट्टा सगळ्यांत उंच, त्याला हलवायचं काम मशीनला सर्वांत भारी पडायचं. ते काम आता क्वचित होत असल्यामुळे सगळा खेळच हलका झाला. फक्त ज्या फेरीत डोंगर सरके ती फेरी लांबायची आणि सायकल दर चौथ्या वेळी अडखळल्यासारखी वाटायची. उरलेल्या तीन फेऱ्यांत मशीनला तेवढा वेळ नुसतं थांबायला लावलं, तेव्हा चाल सारखी झाली. डोंगर आता इतका सावकाश फिरत होता की मंदिराचा कळस पुन्हा दिसेपर्यंत खेळणारा बहुधा कुठेतरी आपटून बाद झालेला असायचा. मी कळस परत काढला. पडदा एकदम खोल गेला. तेवढ्याशा टीव्हीत खरंच मैलभर जागा झाल्यासारखी वाटली. सर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, काय केलंस, काच पुसली का?

मी त्यांना सांगितलं की भावाने सुचवलं. भाऊ काय करतो, त्यांनी विचारलं. शेती, म्हटलं. त्यांना ते गमतीचं वाटलं आणि प्रदर्शनात त्यांनी ही गोष्ट दोन-तीन पालकांना सांगितली, पण त्यात डोळा नव्हता. डोळ्याचं मी सरांना सांगितलं नव्हतं.

प्रदर्शनाला भाऊ आला नाही. उशिरा येणारं भारी धान कापणीला आलं होतं. मुलांनी रांग लावून खेळ खेळला, दुपारी वीज गेली, पुन्हा आल्यावर कॅसेटवरून सगळं परत भरावं लागलं. क्लासला नावं बऱ्यापैकी आली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मुलांकडे पाहत होते, ती दगडांवरून उड्या मारत होती, मागच्या डोंगराकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं म्हणजे तो बरोबर जमला होता. आणि तो ज्याच्यामुळे जमला त्याला मी किती वर्षं मान न हलवता बसायला लावलं, हेच डोक्यात चालू होतं.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मान का हलवतो ते. तिने हातातली परात खाली ठेवली. तिलाही माहीत नव्हतं. मग ती हळू आवाजात म्हणाली की त्याचा डोळा गेला तेव्हापासून तिला दोन लेकरांची काळजी होती, आणि माझी जास्त होती, कारण तो रडून मोकळा व्हायचा. मी तिला म्हटलं, यापुढे त्याला कोणी टोकायचं नाही, आणि माझ्यासमोर डोळ्याचा विषय काढायचा. मी जेवले नाही तर नाही जेवले.

पुढच्या उन्हाळ्यात पारशिवनीकडच्या एका घरी गेलो. या वेळी मध्यस्थाला मी आधीच स्पष्ट सांगायला लावलं होतं, की एक डोळा लहानपणी गेलाय, दुसरा ठणठणीत आहे. भावाने कप घेताना मान हलवली. मुलीने सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही असं का करता. तिच्या आईने तिला डोळे वटारले. भावाने सांगितलं, मला जे सांगितलं तेच, पाणी आणि दावं यांच्यासकट. मुलीने एक डोळा हाताने झाकला, मान हलवून पाहिली, आणि खरंच की, म्हणाली. तिथे जमलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात आम्ही दोघंच होतो. तो नारळ मोजून ठेवत होता. मी न राहवून म्हणाले की त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. गिल्लीच्या.

तो म्हणाला, त्याला चांगलं आठवतं. तो झेल घ्यायला फार पुढे आला होता. मी त्याला मागे हो म्हणून ओरडले होते, त्याने ऐकलं नव्हतं. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मला फक्त दांडूचा फटका आठवत होता. मी म्हटलं, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस.

"नाही," तो म्हणाला. "पुढं मी आलो होतो, हे खरं. अन् मारली तू, हेही खरं. मेडिकलमधून बाहेर आलो त्या दिवशी तुह्या लय राग आला होता मले. दोन-तीन साल होता."

मी त्याच्याजवळ खाली बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्यावरचा राग मला सांगितला होता. मी त्याला म्हटलं, मला माफ कर, डोळ्याचं आणि मानेचंही. तो हं म्हणाला. त्यापेक्षा जास्त काही म्हणाला नाही, आणि मीही मागितलं नाही. अपराध गेला असं मी म्हणणार नाही. तो अजून आहे. पण त्या दुपारपासून आम्ही एकमेकांशी बोलायला लागलो, नीट, भांडून सुद्धा. थोड्या वेळाने आईने आतून आवाज दिला, की हळदीचं पाणी तापलं, नवरदेवाला पाठवा. तो उठला, मी उरलेले नारळ मोजायला घेतले.